घरमालकाला दुरुस्ती तोंडी सांगू नका, तारीख टाकून लिहून द्या. डिपॉझिटच्या वादात तोच कागद कामी येतो

नागपूर : काटोल, नरखेड, उमरेड, कुही, रामटेक या तालुक्यांतून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी नागपुरात येणारी बरीच मुलं-मुली सदर भागात खोली भाड्याने घेतात. डिपॉझिट गावातून वडील भरतात. खोली सोडताना घरमालक म्हणतो, "भिंत तुम्ही खराब केली, पैसे कापावे लागतील." मुलगा म्हणतो, "काका, ओल तर पहिल्या पावसापासूनच होती, मी सांगितलं होतं ना!" सांगितलं होतं हे खरं असतं, पण ते दाखवता येत नाही. अशा वेळी भाडेकरूची बाजू लंगडी पडते.

वाद नेमका कशावर अडतो?

दुरुस्तीचा वाद वकिलाकडे, मध्यस्थाकडे किंवा न्यायालयात गेला, की तीन गोष्टी विचारल्या जातात. बिघाड कधी सुरू झाला? घरमालकाला तो कधी कळला? आणि कळल्यावर दोघांनी काय केलं? तोंडी तक्रारीतून यांपैकी एकाही प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळत नाही. एक म्हणतो सांगितलं, दुसरा म्हणतो कधीच नाही.

तक्रार त्याच दिवशी लिहिलेली असेल, तर तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यात मिळतात. शिवाय ती वाद सुरू होण्याआधीची असते, त्यामुळे पैशासाठी नंतर रचलेली गोष्ट म्हणून ती सहज उडवून लावता येत नाही.

एक उदाहरण पाहू

समजा, एका मुलीने सदरमध्ये वरच्या मजल्यावरची खोली 1 जूनपासून 11 महिन्यांसाठी घेतली. भाडं महिना 6,000 रुपये, डिपॉझिट 18,000 रुपये. राहायला गेली त्याच दिवशी तिने चारही भिंती, छत, नळ आणि बोर्ड यांचे फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवले.

5 जुलैला छताजवळ ओल दिसली. तिने फोटो टाकून लिहिलं, "काका, उत्तरेकडच्या भिंतीवर छतापासून दोन फूट ओल आली आहे. गच्चीवरून पाणी मुरत असावं. कृपया पाहून घ्या." उत्तर आलं, "हो, पाऊस उघडू दे, बघतो." हे छोटंसं उत्तर फार मोलाचं आहे. ओल असल्याचं आपल्याला 5 जुलैलाच कळलं होतं, हे घरमालकाने स्वतःच लिहून दिलं.

10 ऑगस्टला ओल बोर्डापर्यंत उतरली आणि बटणाला झटका बसू लागला. तिने लगेच कळवलं. घरमालकाने लिहिलं, "मिस्त्री बोलवून करून घे, भाड्यातून वळतं कर." काम 2,400 रुपयांत झालं. तिने पावतीचा फोटो पाठवला आणि पुढच्या महिन्यात 3,600 रुपये ऑनलाइन भरले. पैसे पाठवताना शेऱ्यात "बोर्ड दुरुस्ती 2,400 वजा" असं लिहिलं.

खोली सोडताना घरमालकाने दोन मागण्या केल्या. गिलावा आणि रंगाचे 9,000 रुपये कापणार आणि भाड्याचे 2,400 थकीत आहेत, तेही कापणार. म्हणजे 18,000 पैकी हाती फक्त 6,600. थकबाकीच्या मागणीला घरमालकाचा स्वतःचा मेसेज आणि पावती पुरेशी आहे. भिंतीच्या बाबतीत जूनचे फोटो, 5 जुलैची तक्रार आणि तिचं उत्तर एका ओळीत मांडले, की दिसतं ते असं : भिंत आधी चांगली होती, ओल छताकडून आली, मालकाला वेळेत कळलं, तरी गच्चीचं काम झालं नाही. हेच सगळं फक्त फोनवर बोललं गेलं असतं, तर तिच्या हाती 3,600 रुपये भरल्याची नोंद उरली असती. ती उलट थकबाकीचाच पुरावा दिसली असती.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार घर राहण्यायोग्य ठेवण्याची दुरुस्ती करणं घरमालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी वेळेतही काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षभरात ही रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपेक्षा जास्त होता कामा नये. महिना 6,000 भाडं असेल, तर वर्षाचे 72,000 आणि मर्यादा 18,000. खर्चाचा हिशेब आणि पावत्या जपून ठेवायच्या. नोटीसच दिली नसेल, तर हा हक्क वापरता येत नाही.

इथे एक मोठी अट लक्षात घ्या. आजकाल बहुतेक खोल्या 11 महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिल्या जातात. त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, त्यामुळे कलम 14 चा आधार घेऊन परस्पर पैसे कापू नयेत. करारात दुरुस्ती कोणाकडे आहे ते वाचावं आणि वरच्या उदाहरणासारखी मालकाची लेखी संमती आधी घ्यावी. करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी कलम 55 नुसार घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

तक्रार कशी लिहायची?

तारीख, खोलीचा पत्ता, बिघाड नेमका कुठे आणि कधीपासून, आणि काय करून हवं, एवढं पुरे. राग, टोमणे, धमकी नको. फोनवर बोलणं झालं, तरी नंतर एक ओळ टाकावी : "आज सकाळी बोलल्याप्रमाणे आपण रविवारी प्लंबर पाठवणार आहात." दोन-तीन मेसेजनंतरही काम झालं नाही, तर तोच मजकूर कागदावर लिहून स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवावा. प्रत आणि टपालाची पावती एकत्र ठेवावी.

व्हॉट्सॲपचा नुसता स्क्रीनशॉट पुढे वादात सापडू शकतो. म्हणून मूळ चॅट डिलीट करू नये, आपोआप मेसेज पुसण्याची सोय बंद ठेवावी आणि फोन बदलताना बॅकअप घ्यावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार असा डिजिटल पुरावा देताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून घेतात, पण त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

कुठे चुकतं?

ओल आली म्हणून भाडंच थांबवणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. मग दुरुस्तीचा विषय मागे पडतो आणि भाडं थकवल्याचा विषय पुढे येतो. दुसरी चूक म्हणजे मागची तारीख टाकून नंतर पत्र तयार करणं. ते उघडं पडलं, की खऱ्या तक्रारींवरचाही विश्वास उडतो.

लेखी तक्रारीलाही मर्यादा आहेच. बिघाड राहणाऱ्याच्याच हातून झाला असेल, तर शंभर मेसेज असले तरी खर्च त्याच्याच अंगावर येतो. गच्चीतून आलेली ओल आणि खिळा ठोकून फोडलेला गिलावा यांत फरक आहे, आणि तो फरक दाखवायला तारखेसह काढलेला फोटोच लागतो. म्हणून खोली सोडण्याच्या दिवशीही घरमालकासमोर फोटो काढावेत, मीटरचं रीडिंग लिहावं आणि चावी दिल्याची एक ओळ त्याच चॅटमध्ये टाकावी.