दवाखान्याचा नंबर व्हिडिओ कॉलवर बदलून घ्यायचाय? मेसेजमध्ये काय लिहावं, आणि कोणत्या वेळी लिहूच नये

शहरातल्या डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी दाखवायला जायचं असतं. नंबर लावलेला असतो. नेमकी त्याच आठवड्यात सोयाबीनची काढणी येते, नाहीतर गाडी मिळत नाही. मग घरातलं कुणीतरी दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर टाकतं, "सर उद्या येणं होत नाही, व्हिडिओ कॉल करा." उत्तर येत नाही, किंवा "पेशंटला घेऊन या" एवढंच येतं. आपल्याला वाटतं, दवाखाना टाळतोय. पण खरी अडचण बहुतेक वेळा मेसेजमध्येच असते. त्यावरून पेशंट कोण, आजार कोणता, शेवटचं कधी दाखवलं, काहीच कळत नाही.

हा मेसेज डॉक्टर आधी वाचत नाहीत. रिसेप्शनवरची ताई किंवा कंपाउंडर वाचतो, फाईल काढतो आणि डॉक्टरांना विचारतो. म्हणून मेसेज असा हवा की त्याला फाईल लगेच सापडावी आणि डॉक्टरांना हो-नाही ठरवता यावं.

डॉक्टर कशावरून ठरवतात?

व्हिडिओवर तपासणी करायला आपल्या देशात परवानगी आहे. त्याचे नियम केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये काढले. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट सहा महिन्यांची. पेशंटने त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना सहा महिन्यांच्या आत समोर जाऊन दाखवलेलं असेल, तर व्हिडिओवरची भेट ही पुढची तपासणी म्हणून धरली जाते. डॉक्टरांना चालू गोळ्या पुढे देता येतात आणि गरज पडली तर त्याच आजारासाठी एखादी गोळी वाढवताही येते. सहा महिने उलटून गेले असतील, तर पेशंट नवा धरला जातो आणि व्हिडिओवर लिहून देता येणाऱ्या औषधांवर जास्त मर्यादा येते.

दुसरी गोष्ट नव्या तक्रारीची. नवीन काही दुखणं निघालं असेल, तर सहा महिन्यांच्या आतलं असूनही ती पहिलीच तपासणी धरतात. अशा वेळी डॉक्टर समोर बोलावण्याची शक्यता जास्त.

व्हिडिओवर भागेल की पेशंट समोर पाहिजे, हे ठरवायचा अधिकार डॉक्टरांचा आहे. उलट बाजूने, तुम्हाला समोर जाऊनच दाखवायचं असेल तर डॉक्टर व्हिडिओची सक्ती करू शकत नाहीत.

एक उदाहरण घेऊ

समजा, ५८ वर्षांच्या एका आईला शुगर आणि बीपी आहे. १० जुलैला दवाखान्यात दाखवलं होतं. पुढचा नंबर गुरुवारी १६ ऑक्टोबरला सकाळी ११ चा आहे. मुलगा मंगळवारी मेसेज पाठवतो. तो असा असावा:

"नमस्कार. पेशंटचं नाव, वय ५८, गाव, केसपेपर नंबर. मी त्यांचा मुलगा लिहितोय.
गुरुवार १६ ऑक्टोबर, सकाळी ११ चा नंबर आहे. शुगर-बीपीची नेहमीची तपासणी. याआधी १० जुलैला समोर दाखवलं होतं.
१३ ऑक्टोबरचा रिपोर्ट: उपाशीपोटी साखर १३८, जेवणानंतर १९०. तीन दिवसांचं सकाळचं बीपी: १४२/८६, १३८/८४, १४०/८६.
चालू गोळ्या: मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, ॲम्लोडिपिन ५ सकाळी. एकही डोस चुकला नाही. गोळ्या शनिवारपर्यंत पुरतील.
नवीन तक्रार नाही. पायाला जखम, सूज नाही. छातीत दुखणं, दम लागणं नाही.
काढणी चालू असल्याने गुरुवारी येणं अवघड आहे. डॉक्टरांना चालत असेल तर त्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर बघता येईल का? आई फोनसमोर असेल. दुपारी १ ते ४ आम्ही घरी आहोत, रेंज असते. फी किती आणि कशी भरायची ते कळवा.
समोर आणणं गरजेचं असेल तर तसं सांगा, आम्ही येऊ. उत्तर येईपर्यंत ११ चा नंबर राहू द्या."

मेसेज लांब वाटतो, पण फोन करून हीच माहिती सांगायला चार वेळा लाईनवर थांबावं लागलं असतं. यातल्या काही ओळी लोक हमखास सोडतात.

"१० जुलैला समोर दाखवलं होतं" ही ओळ सहा महिन्यांच्या नियमाचं उत्तर देते. जुलै ते ऑक्टोबर तीन महिने झाले, म्हणजे ही पुढची तपासणी. तारीख आठवत नसेल तर जुन्या चिठ्ठीवर असते.

"गोळ्या शनिवारपर्यंत पुरतील" यावरून कंपाउंडरला किती घाई आहे ते कळतं. गोळ्या आजच संपल्या असतील, तर तेही स्पष्ट लिहा.

"आई फोनसमोर असेल" हेही लिहायचं. डॉक्टरांना पेशंटची ओळख पटवावी लागते आणि त्याच्याशी बोलावं लागतं. आई शेतात आणि मुलगा फोनवर, अशाने तपासणी होत नाही.

शेवटची ओळ सगळ्यात कामाची. बरेच जण व्हिडिओ मागताना आधीच "नंबर कॅन्सल करा" लिहून मोकळे होतात. डॉक्टर नाही म्हणाले, की हातचा नंबरही गेलेला असतो. म्हणून दवाखान्याकडून वेळ पक्की झाल्याचं उत्तर आल्याशिवाय जुना नंबर सोडायचा नाही.

आकडे कुठून आणायचे?

घरात बीपीचं मशीन नसेल तर गावच्या उपकेंद्रात जा. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बीपी आणि साखर मोफत मोजून देतात. घरी मोजायचं असेल तर आधी पाच मिनिटं शांत बसावं, हात छातीच्या उंचीला टेकवावा. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास मोजू नये. एकाच दिवसाच्या आकड्यापेक्षा तीन दिवसांचे आकडे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतात.

रिपोर्टचा फोटो दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून काढा. पेशंटचं नाव, लॅबचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दबतो आणि बारीक आकडे पुसट होतात. त्याऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटोही नाव आणि मिलीग्रॅम दिसेल असा घ्या. "पांढरी गोळी" लिहून काही कळत नाही.

मेसेज केसपेपरवर छापलेल्या नंबरवरच पाठवा. इंटरनेटवर शोधून सापडलेला नंबर दवाखान्याचाच असेल असं नाही. फी भरताना कुणी ओटीपी मागितला किंवा ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या.

हा मेसेज कधी पाठवायचा नाही?

वरच्याच उदाहरणात एक गोष्ट बदलू. आईच्या पायाच्या अंगठ्याला चार दिवसांपासून फोड आहे, भोवती काळपट झालंय, पण दुखत नाही. घरचे म्हणतात, दुखत नाही तर कशाला सांगायचं, उगाच बोलावतील. आणि मेसेजमध्ये "नवीन तक्रार नाही" लिहितात.

शुगरच्या पेशंटमध्ये हेच धोक्याचं आहे. साखरेने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, म्हणून जखम दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरी आहे असं नसतं. पायातली नाडी लागते का, बोटांना स्पर्श कळतो का, जखम किती खोल आहे, हे डॉक्टरांना हात लावूनच कळतं. अशी जखम लांबली तर बोट काढण्याची वेळ येऊ शकते. इथे मेसेज उलटा लिहायचा: "अंगठ्याला चार दिवसांपासून फोड आहे, काळं झालंय. गुरुवारच्या आधी नंबर मिळेल का?"

दम लागणं, पायावर अचानक सूज, नजर अंधूक होणं, साखर वारंवार ७० च्या खाली जाणं, हेही लपवायचं नाही. डॉक्टर यावर व्हिडिओ नाकारतील, ते तुमच्या भल्याचंच आहे.

आणि छातीत दाब, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं, बीपी १८०/१२० च्या वर जाऊन डोकं किंवा छाती दुखणं, यात मेसेज लिहीत बसायचंच नाही. थेट १०८ ला फोन करा.

उत्तर आल्यावर

दवाखाना हो म्हणाला, तर वेळ, कोणत्या नंबरवरून कॉल येणार आणि फी, या तिन्ही गोष्टी लेखी घ्या. डॉक्टरांना व्हिडिओच्या तपासणीचीही फी घेता येते, पावती मागून घ्या. कॉलच्या वेळी जुनी फाईल, सगळ्या गोळ्या आणि बीपीचं मशीन जवळ ठेवा. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो.

तपासणीनंतर चिठ्ठीचा फोटो किंवा पीडीएफ येते. त्यावर डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही आहे का बघा. नुसतं "दोन्ही गोळ्या चालू ठेवा" असा मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे, मेडिकलवाला त्यावर औषध नाकारू शकतो. मॉर्फिनसारखी नशेच्या कायद्यातली औषधं व्हिडिओवरून लिहून मिळत नाहीत, त्यासाठी समोरच जावं लागतं.

दवाखाना नाही म्हणाला आणि तब्येत नेहमीसारखीच असेल, तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात विचारा. तिथून सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. ते डॉक्टर तुमच्या नेहमीच्या दवाखान्याचे नसतात, म्हणून जुनी फाईल सोबत न्यायची. काढणी आटोपली की नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर मात्र लावून टाका. उदाहरणातल्या आईने १० जुलैला समोर दाखवलं होतं, म्हणजे १० जानेवारीच्या आत एकदा समोर जाऊन यायला हवं.