भुवया कोरणे (थ्रेडिंग)
सुती दोऱ्याच्या पिळात केस पकडून ते मुळापासून उपटत भुवईला चेहऱ्याजोगा आकार देणे. घरगुती पार्लरांतही हे काम चालते. नाकपुडीच्या कडेपासून तीन रेषा मनात धरतात: सरळ वर जाणारी भुवईची सुरुवात दाखवते, बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून जाणारी कमानीचा माथा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून जाणारी टोक. गोल चेहऱ्याला कमान जरा उंच हवी. पण ती खालचे केस काढून साधायची, वरची कड जवळपास तशीच ठेवायची. लांबट चेहऱ्याला आडवी भुवई शोभते. गिऱ्हाईक पापणी आणि कपाळ बोटांनी ताणून धरते. ताण सैल पडला की कातडी चिमटते. एका बाजूला जास्त केस गेले, तर दुसरी भुवई तिच्याशी जुळवत बसू नये. नाहीतर दोन्ही बारीक होत जातात.