ईआरपीत महिना बंद करताना: न आलेल्या वीजबिलाची नोंद

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे हिशेब मी ईआरपीत बघतो. जूनचं वीजबिल जुलैत येतं, पण खर्च जूनचाच. म्हणून ३० जूनला मीटर रीडिंगवरून अंदाज काढून मी ९०,००० रुपयांची तरतूद, म्हणजे अक्रुअल टाकतो: वीजखर्च नावे, देणे खर्च जमा. १ जुलैला हीच नोंद उलटी करायची. मग ९२,००० रुपयांचं बिल आलं, तरी जुलैवर फरकाचे २,०००च पडतात.

उलटी नोंद राहिली, तर खर्च दोनदा धरला जातो. बिल चढवूनही ‘देणे खर्च’मध्ये ९०,००० शिल्लक दिसले, की ओळखायचं.

शेवटी जूनचा पिरियड लॉक करा. नाहीतर कुणी तेच बिल जूनच्या तारखेला टाकलं, तर जूनचा वीजखर्च १,८२,००० दिसेल.