त्रिकर्णी समीकरणसंच (सीमामूल्य प्रश्नातील)

द्वितीय कोटीच्या अवकल समीकरणाची उकल अंतराच्या दोन्ही टोकांना दिलेली असताना, मधल्या ठरावीक बिंदूंवरील किमती काढण्यासाठी मांडला जाणारा एकघाती समीकरणांचा संच. प्रत्येक समीकरणात एक बिंदू आणि त्याचे दोन शेजारी एवढेच येत असल्याने मॅट्रिक्समध्ये मुख्य कर्ण व त्याला लागून असलेले दोन कर्ण सोडल्यास सर्वत्र शून्ये असतात.

मांडणी. उदाहरणार्थ, u″ = u, u(0) = 0, u(1) = 1 हा प्रश्न घेऊ. अंतराचे h लांबीचे समान भाग पाडून u″ च्या जागी (uᵢ₋₁ − 2uᵢ + uᵢ₊₁)/h² हे मध्य-अंतर घालतात. टेलर श्रेणीनुसार यातील त्रुटी h² च्या प्रमाणात असते. h = 1/4 घेतल्यास तीन अज्ञात उरतात:

2.0625u₁ − u₂ = 0
−u₁ + 2.0625u₂ − u₃ = 0
−u₂ + 2.0625u₃ = 1

उजव्या टोकाची ज्ञात किंमत शेवटच्या समीकरणात उजवीकडे गेली आहे.

उकल. पहिल्या समीकरणावरून u₁ = 0.48485u₂. ते दुसऱ्यात घातले की u₂ = 0.63385u₃ मिळते. तिसऱ्यात फक्त u₃ उरतो आणि त्याची किंमत 0.69996 येते. मग उलटे परतत u₂ = 0.44367 व u₁ = 0.21511. अचूक उकल sinh x / sinh 1 ही असून मध्यबिंदूवर ती 0.44341 आहे, म्हणजे फरक सुमारे 0.000265. h निम्मा केल्यावर तो सुमारे 0.000067 होतो, जवळजवळ एक चतुर्थांश.

अज्ञातांची संख्या n असल्यास या रीतीला साधारण 8n क्रिया लागतात. शून्यांचा फायदा न घेता गाउसचे निरसन केले, तर त्या सुमारे 2n³/3 होतात. n = 1000 असताना आठ हजार विरुद्ध सुमारे 67 कोटी असा हा फरक आहे.

टोकाला अवकलज दिलेला असल्यास. u′(1) = s अशी अट असेल, तर शेवटची किंमत u_N हीही अज्ञात ठरते. अट (u_N − u_N₋₁)/h = s अशी एकतर्फी लिहिल्यास त्या एका ओळीमुळे सगळ्या उकलीची अचूकता h च्या पहिल्या घातावर घसरते. h निम्मा करूनही त्रुटी निम्मीच होत असेल, तर दोष बहुधा येथे असतो. उपाय म्हणून टोकापलीकडे एक काल्पनिक बिंदू धरून u_N₊₁ = u_N₋₁ + 2hs हे मध्य-समीकरणात घालतात. −2u_N₋₁ + (2 + h²)u_N = 2hs अशी ओळ मिळते आणि त्रिकर्णी रूप टिकते.

मर्यादा. वरील संचात कर्णावरील संख्या शेजारच्या दोन संख्यांच्या बेरजेहून मोठी आहे, म्हणून ओळींची अदलाबदल न करताही भागाकार सुरक्षित राहतो. u″ = −k²u मध्ये कर्णावर 2 − k²h² येते आणि ही हमी जाते. k = π असताना याच टोकांच्या अटींसह मूळ प्रश्नालाच उकल नाही. h लहान करत गेल्यास संचाची मॅट्रिक्स जवळजवळ अव्युत्क्रमणीय होते आणि किमती भलत्याच मोठ्या येतात.

इतिहास. निरसनाची ही रीत एल. एच. थॉमस यांच्या नावाने ओळखली जाते (1949).

असमान जाळी. बिंदूंमधील अंतरे असमान असली तरी प्रत्येक समीकरणात तेच तीन बिंदू येतात, म्हणून मॅट्रिक्स त्रिकर्णीच राहते.