दुधावरची साय आणि कंपनीचं कर्ज

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: कंपनीला बँकेचं कर्ज ५ टक्क्यांनी मिळत असेल, तर ६ टक्के कमावणारा प्रकल्प फायद्याचाच ना? मला वाटतं, हा प्रश्न ज्यांनी नीट सोडवला त्यांची गोष्टच आज सांगावी.

त्यासाठी पिट्सबर्गला जाऊ, १९५० च्या दशकात. कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दोन प्राध्यापक होते. रोममध्ये जन्मलेले आणि १९३९ मध्ये अमेरिकेत आलेले फ्रँको मोदिग्लियानी, आणि बोस्टनचे मर्टन मिलर. कंपनीत दोन प्रकारचा पैसा असतो, कर्जाचा आणि मालकांचा, म्हणजे शेअरधारकांचा. दोघांनाही मोबदला द्यावा लागतो. त्यांचे दर वाट्यानुसार मिसळले की जो एक आकडा येतो, तोच वॅक, भांडवलाचा सरासरी खर्च. नवा प्रकल्प निदान एवढं कमावणार असेल तरच हातात घ्यायचा. उंच उडीत बांधलेल्या आडव्या काठीसारखा हा आकडा असतो.

आता एक कंपनी घेऊ. किंमत १०० डॉलर, कर्ज शून्य, वर्षाची सरासरी कमाई १० डॉलर. म्हणजे मालकांची अपेक्षा १० टक्के. (खऱ्या कंपनीत हे कोटींत असतं, पण डोकं शांत राहावं म्हणून १००.) मग कोणीतरी म्हणतं, ४० डॉलर ५ टक्क्यांनी उचलू आणि तेवढे शेअर परत विकत घेऊ. गणित सोपं वाटतं: ४० टक्के गुणिले ५, अधिक ६० टक्के गुणिले १०, बरोबर ८. वा! काठी १० वरून ८ वर आली. आता ९ टक्क्यांचा प्रकल्पसुद्धा पास.

फसगत इथेच आहे. त्या गणितात मालकांची अपेक्षा १० टक्क्यांवरच ठेवलीय. पण त्यांची स्थिती बदलली ना! आता १० च्या कमाईतून आधी २ डॉलर व्याज जातं, उरलेले ८ डॉलर ६० डॉलरच्या मालकीवर येतात, म्हणजे १३.३३ टक्के. मस्त वाटतं, पण वाईट वर्ष घ्या. कमाई ४ वर आली, तर कर्ज नसताना मालकाला ४ टक्के मिळाले असते, आता फक्त ३.३३. चांगल्या वर्षी कमाई १६ झाली, तर १६ ऐवजी २३.३३. म्हणजे झोका मोठा झाला. सावकाराला आधी मिळतं, मालकाचा नंबर शेवटचा. त्यामुळे तो १३.३३ च मागणार. पुन्हा मिसळा: ४० टक्के गुणिले ५ म्हणजे २, अधिक ६० टक्के गुणिले १३.३३ म्हणजे ८. उत्तर १०. काठी जागची हललीच नाही!

स्वस्त कर्जाची सगळी बचत महागलेल्या शेअरनं खाल्ली. १९५८ च्या जूनमध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त दोघांनी हे मांडलं. त्यांनी दिलेला दाखला आपल्या घरातलाच वाटतो: दुधावरचं लोणी काढून वेगळं विकलं, तरी एकूण दुधाचे जास्त पैसे होत नाहीत, कारण उरलेलं दूध पातळ होऊन स्वस्त जातं. आणि कंपनीनं कर्ज काढलं म्हणून कोणी तिचे शेअर जास्त भावानं का घ्यावेत? कर्ज तर गुंतवणूकदार स्वतःही काढू शकतो. अर्थात, तो कंपनीइतक्याच दरानं काढू शकतो असं धरलं तर. ही अट जरा हवेतलीच, असं मला वाटतं.

खरी अडचण कराची होती. व्याज हा कंपनीचा खर्च धरला जातो, त्यावर कर लागत नाही. लाभांशाला ही सवलत नाही. पहिल्या लेखात दोघांनी हा फायदा कमी धरला होता, म्हणून १९६३ मध्ये त्यांनी स्वतःच दुरुस्तीचा लेख छापला. त्या काळी अमेरिकेत कंपनी कर ५२ टक्के. आपल्या उदाहरणात ५ टक्क्यांचं कर्ज करानंतर २.४ टक्क्यांना पडतं. कर गेल्यावरही कर्जाशिवायची अपेक्षा १० च धरली, तर मालकांचा दर ११.६ होतो आणि मिश्रण ७.९२ वर येतं. म्हणजे काठी खरोखर उतरते, पण कर्ज स्वस्त म्हणून नव्हे, सरकार वाटा सोडतं म्हणून.

मग सगळं कर्जावरच का चालवत नाहीत? कर्ज वाढलं की सावकारही दर वाढवतो, आणि कंपनी बुडायच्या वाटेला लागली की पुरवठादार उधारी बंद करतात, चांगली माणसं सोडून जातात. हा खर्च त्या सूत्रात नाही.

आता तो ५ टक्क्यांचा प्रश्न. बँकेनं ५ टक्क्यांनी पैसे दिले, कारण खाली मालकांच्या पैशाची गादी अंथरलेली आहे. ६ टक्क्यांच्या प्रकल्पानं ती गादी वापरली, पण तिचं भाडं दिलं नाही. आणि एक सावधगिरी: वाटे ताळेबंदातल्या जुन्या आकड्यांवरून काढू नका, आजच्या बाजारभावानं काढा. शिवाय वीज कंपनीनं तेलविहीर खोदायला घेतली, तर तिथे वीज कंपनीची काठी चालत नाही. तेलाच्या धंद्यातल्या कंपन्यांची काठी मोजून आणावी लागते.

मोदिग्लियानींना १९८५ मध्ये नोबेल मिळालं, मिलर यांना १९९० मध्ये, हॅरी मार्कोविट्झ आणि विल्यम शार्प यांच्याबरोबर. शेअरधारकांची अपेक्षा नेमकी किती धरायची, याचं आज सर्रास वापरलं जाणारं सूत्र शार्प यांच्या १९६४ च्या कामातून आलं. पुढच्या भागात तेच घेऊ.