विसंवादी सांस्कृतिक जुळवणूक (स्थलांतरित कुटुंबांतील)

स्थलांतरित कुटुंबातील मुले नव्या देशाच्या चालीरीती आईवडिलांपेक्षा बरीच लवकर उचलतात आणि त्यातून घरात ताण निर्माण होतो, त्या स्थितीचे हे नाव. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आलेहान्द्रो पोर्टेस आणि रुबेन रुम्बाउट यांनी ही संकल्पना रूढ केली. त्यांच्या अभ्यासात 1992 साली मायामी आणि सॅन डिएगो या परिसरांतील, सरासरी चौदा वर्षांच्या पाच हजारांहून अधिक मुलामुलींच्या मुलाखती झाल्या. पुढे तीच मुले सतरा-अठराच्या वयात पुन्हा गाठली गेली.

त्यांच्या मांडणीत कळीची गोष्ट भाषा. आईवडिलांना इंग्रजी जमत नसेल, तर डॉक्टरकडे, बँकेत, शाळेच्या पालकसभेत मूलच दुभाषा होते. शिक्षकांची तक्रार त्यानेच घरी सांगायची असेल तर ते ती पातळ करून सांगणार, हे उघड आहे. अशा घरात पालकांचा शब्द चालेनासा होतो.

1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरांना हे चित्र नीट लागू पडत नाही. तिथे आईवडील इंग्रजी जाणतात आणि मुलांचे मार्कही चांगले असतात. भांडण होते ते बाहेर जाण्यावरून. मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचे म्हटले की ‘आपलं घर काय वाईट आहे?’ असा प्रश्न येतो. शाळा संपता संपता होणाऱ्या प्रॉम या नृत्यसमारंभाला जोडीदार घेऊन जायची रीत असते. मुलगी परवानगी मागते, वडील नाही म्हणतात, आई मधला मार्ग काढते: चौघीजणी मिळून जा, अकराला घरी ये. मग जोडीदार तिथेच भेटतो आणि घरी फक्त मैत्रिणींचे फोटो दाखवले जातात. धाकट्या भावाला मात्र गाडीची किल्ली सहज मिळते. मुलींवरचा पहारा अधिक कडक असतो, कारण घराण्याची अब्रू त्यांच्यावर टांगलेली असते.

पालक ज्या वळणाचा आग्रह धरतात ते बहुधा त्यांनी देश सोडला त्या वर्षीचे असते. 1975 साली पुणे सोडलेल्या वडिलांच्या मनात पुणे तिथेच थांबलेले असते. मुलगी सुट्टीत पुण्याला येते तेव्हा तिची मावसबहीण मित्रांबरोबर मोकळेपणाने हिंडताना दिसते. परतल्यावर ती हाच दाखला वडिलांपुढे ठेवते, आणि त्याला बिनतोड उत्तर नसते.

मुलांनी इंग्रजी शिकावी पण घरची भाषाही टिकवावी, आणि पालकांना समाजाचा आधार असावा, या वाटेला पोर्टेस-रुम्बाउट ‘निवडक जुळवणूक’ म्हणतात. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा याच जातीच्या. पण ज्या मंडळात मुलांना आपल्यासारखी मुले भेटतात, तिथेच काका-काकूंची नजरही असते. प्रॉमचा फोटो आईपर्यंत पोहोचतो तो अनेकदा तिथूनच.

मूल अठराव्या वर्षी कॉलेजच्या वसतिगृहात गेले की रोजची चकमक थांबते. विषय पुन्हा निघतो तो थेट लग्नाच्या वेळी.