गर्दीच्या वेळेची वीज आणि क्षमतेचा खर्च

दादरसह मुंबई शहरात कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट उपक्रम वीज पुरवतो. विजेच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक भाग प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांचा. दुसरा उपकेंद्र, रोहित्र आणि केबल यांच्या क्षमतेचा. ही क्षमता दिवसातील सर्वाधिक मागणीच्या तासानुसार उभारावी लागते. उरलेल्या वेळी तिचा काही भाग पडून राहतो. मग तिचा खर्च कोणी द्यायचा?

दादरमधील एका गल्लीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रोहित्रावर दोनच ग्राहक आहेत. वातानुकूलित दुकानांचे संकुल दिवसा १०० किलोवॅट वीज घेते, तर बर्फाचा कारखाना रात्री ६०. रोहित्राचा वार्षिक खर्च ६ लाख रुपये आहे. खर्च युनिटांच्या प्रमाणात वाटला, तर कारखान्यावरही मोठा वाटा पडेल. परंतु कारखाना उद्या बंद झाला, तरी रोहित्र तेवढेच मोठे लागेल. म्हणून हा खर्च संकुलाने द्यावा आणि कारखान्याने केवळ युनिटांचा खर्च द्यावा, हे तर्कसंगत ठरते. फ्रेंच अर्थतज्ज्ञ मार्सेल ब्वातो यांनी १९४९ मध्ये हाच सिद्धान्त मांडला.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशांत अनेक वर्षे या तत्त्वाचे प्रतिबिंब दिसत होते. उच्चदाब ग्राहकाचा मागणी आकार ठरवताना सकाळी ६ ते रात्री १० या काळातील कमाल मागणी विचारात घेतली जाई. रात्रीची मागणी त्यात धरली जात नसे. शिवाय रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील युनिटांवर सवलत आणि सायंकाळी ६ ते १० मध्ये अधिभार असे.

मात्र या तत्त्वाला मर्यादा आहे. स्वस्त दरामुळे कारखान्याची मागणी १०० किलोवॅटपर्यंत गेली, तर रात्रही गर्दीचीच वेळ ठरते. आता नवे रोहित्र लागल्यास त्याला दोघेही कारणीभूत असतील आणि खर्चही दोघांत विभागावा लागेल. दर जुनेच ठेवले, तर रात्रीचा ग्राहक फुकट क्षमता वापरतो. ही स्थिती ओळखण्यासाठी रोहित्रावरील तासागणिक भाराची नोंद पाहावी. दोन्ही शिखरे सारख्या उंचीची दिसू लागली, की वेळांचे कोष्टक बदलण्याची वेळ आली असे समजावे.

सौरऊर्जेमुळे तसा बदल घडूही लागला. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवण्यास सांगितले. दिवसा वीज मुबलक, म्हणून ती स्वस्त, हे निर्मितीपुरते योग्यच आहे. परंतु आपल्या गल्लीतील रोहित्रावर दुपारीच सर्वाधिक भार असेल, तर तीच सवलत तेथील गर्दी वाढवते. वीजनिर्मितीची गर्दी आणि गल्लीतील रोहित्राची गर्दी एकाच घड्याळाने मोजता येत नाही. दोन्ही क्षमतांचा खर्च एकाच दरात मिसळला, तर एकाच्या गर्दीचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो.